दाजींना राजीनामा मागतायत. हिशेबाचे एक लाख घेऊन सही करावी का? (सोलापूर, टॉवेल कारखाना)

शुभांगी_म
नमस्कार मंडळी. माझे दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑटो लूम खात्यात जॉबर आहेत. पावणेनऊ वर्षं झाली. कारखान्यात सगळी मिळून पंचेचाळीसेक माणसं आहेत. बुधवारी मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावलं आणि टाईप केलेला कागद पुढे ठेवला. "मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझा सर्व हिशेब मिळाला असून कंपनीकडे माझे काहीही येणे राहिलेले नाही." तारखेची जागा कोरी होती आणि खाली रेव्हेन्यू तिकीट आधीच चिकटवलेलं होतं. सही केली की एक लाख रोख मिळतील, नाही केली तर "काढून टाकू, मग काहीच मिळणार नाही" असं सांगितलं. सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

दाजी म्हणतात, ऑर्डर नाहीत हे खरं आहे, मालक तसा वाईट माणूस नाही, एक लाख मिळतायत तर घ्यावेत. ताई रडकुंडीला आली आहे. पगार १५,६०० आहे, मूळ आणि महागाई भत्ता मिळून. ओव्हरटाइम वेगळा. मला एवढंच कळायला हवंय की ही रक्कम बरोबर आहे का, आणि सही करण्याआधी काय बघायचं?

अक्कलकोटरोडवाला
ताई, सही अजिबात करू देऊ नका. २५ एफ म्हणून कलम आहे. त्यात एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई मिळते. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि आता नवीन कायद्यात ग्रॅच्युइटी एका वर्षातच मिळते, पाच वर्षांची अट गेली. मालक लोक हे सांगत नाहीत.

पुण्यातला_सोलापूरकर
माझ्याबाबतीत हेच झालं. हिंजवडीत होतो. एचआरने मीटिंगला बोलावून सांगितलं, राजीनामा दे नाहीतर परफॉर्मन्सवर काढू, रेकॉर्ड खराब होईल. मी दिला. मग माझ्याकडूनच दोन महिन्यांचा नोटीस पे कापला, कारण राजीनामा माझा आणि नोटीस पूर्ण केली नाही! अपॉइंटमेंट लेटरमध्ये दोन्ही बाजूंना दोन महिने लिहिलं होतं. शुभांगीताई, दाजींच्या अपॉइंटमेंट लेटरमधला नोटीस पीरियड आधी बघा.

शुभांगी_म
@पुण्यातला_सोलापूरकर, दाजींना अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नाही. पगारपत्रकं आहेत, पण सगळ्या महिन्यांची नाहीत.

निवृत्त_टाइमकीपर
शुभांगी, मी गिरणीच्या टाइम ऑफिसात आयुष्य घालवलं आणि नंतर कारखान्यांची हजेरी आणि पीएफची कामं केली. तुझ्या दाजींसमोर ठेवलेला कागद मी अनेकांच्या हातात पाहिला आहे. मजकूर जवळजवळ सारखाच असतो.

आधी आकडा बघू. मालक एक लाख "देतो" म्हणतो, पण त्यातलं किती आधीपासूनच दाजींचं आहे? दाजींनी उद्या खरोखर मनापासून राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी द्यावीच लागते, कारण पाच वर्षं कधीच झाली आहेत आणि कारखान्यात दहाच्या वर माणसं आहेत. पगार १५,६००. त्याला २६ ने भागलं की दिवसाचे ६०० येतात. पंधरा दिवसांचे ९,०००. पावणेनऊ वर्षांत शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं आहे, म्हणून नऊ वर्षं धरायची. ग्रॅच्युइटी झाली ८१,०००.

शिल्लक रजा किती आहे ते विचार. वीस दिवस कामामागे एक दिवस अशी रजा साठते, आणि माणूस कसाही बाहेर पडला तरी न घेतलेल्या रजेचे पैसे मिळतात.

शुभांगी_म
काका, दाजी म्हणतात अठरा दिवस शिल्लक आहेत. कार्डावर लिहिलंय.

निवृत्त_टाइमकीपर
मग १०,८००. म्हणजे ८१,००० आणि १०,८०० मिळून ९१,८०० झाले. चालू महिन्याचे भरलेले दिवस आणि यंदाचा बोनस यात अजून धरलेलाच नाही. तो किमान ८.३३ टक्क्यांनी निघतो. आता एक लाखात मालकाने पदरचं काय घातलं ते तूच बघ.

कपात म्हणून काढलं तर याच्यावर दोन रकमा येतात. नोटीस दिली नाही तर महिन्याचा पगार १५,६००. आणि कपातीची भरपाई, दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे ७,८०० गुणिले नऊ, ७०,२००. दोन्ही मिळून ८५,८००. पूर्ण हिशेब १,७७,६००. राजीनाम्याच्या कागदावर सही झाली की हे ८५,८०० गेले, कारण स्वतःहून काम सोडणाऱ्याला कपातीची भरपाई नसते. "स्वखुशीने" हा शब्द म्हणूनच त्या कागदात असतो.

अक्कलकोटरोडवाला
काका, थोडं चुकतंय. पंधरा दिवस म्हणजे दोन्हीकडे २६ नेच भागायचं. कपातीचेही ९,००० गुणिले नऊ ८१,००० होतात. दहा हजार आठशे कमी सांगितलेत तुम्ही.

निवृत्त_टाइमकीपर
नाही. २६ चा भागाकार ग्रॅच्युइटीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे, कपातीच्या कलमात तसं काही लिहिलेलं नाही. तिथे पंधरा दिवसांचा सरासरी पगार म्हणजे अर्धा महिना. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हेच सांगितलं. दाजींनी जास्त मागितले तर मालकाचा वकील हाच निकाल दाखवेल आणि मग बाकीच्या बरोबर आकड्यांवरही शंका घेईल. म्हणून मागणी नेमकी हवी.

आणि एका वर्षात ग्रॅच्युइटी, हे सगळ्यांना नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना आहे. कायम माणसाला पाच वर्षं लागतातच. दाजींना त्याची अडचण नाही, पण कुणीतरी इथे वाचून दोन वर्षांवर दावा लावायला जाईल.

रेणुका_शेळगी
माझी आई बिडी कारखान्यात. घरी पानं आणून वळते, आठवड्याला माल देते. गेल्या वर्षी तिचं कार्ड बंद केलं, म्हणाले माल कमी, नंतर बघू. तिलाही असं काही मिळतं का? राजीनामा वगैरे काही मागितला नाही, नुसतं पानं द्यायचं बंद केलं.

निवृत्त_टाइमकीपर
रेणुका, आईचा पीएफ कापला जात होता का? असेल तर यूएएन काढ आणि शेवटचा हप्ता कुठल्या महिन्याचा ते बघ. काम बंद केल्याची तारीख तिथूनच सिद्ध होईल. बिडी कामगारांचं वेगळं प्रकरण आहे, वेगळा धागा काढ, मी तिथे सविस्तर लिहीन. आईची बिडी कामगार म्हणून असलेली पुस्तकं आणि कार्डं मात्र परत देऊ नकोस.

लूमवाला_सोलापूर
मी या बाजूचा आहे. छोटा कारखाना चालवतो, म्हणून लिहितो. इथे सगळे मालक म्हणजे राक्षस असल्यासारखं बोलणं चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा आमच्या हातातल्या ऑर्डर थांबल्या. सूत उधारीवर, बँकेचा हप्ता चालू, माल गोदामात. माणूस कमी करायची वेळ येते तेव्हा आम्हालाही झोप लागत नाही. एक लाख रोख देणारा मालक निदान काहीतरी देतोय. आणि माझ्या माहितीप्रमाणे पन्नासच्या खाली माणसं असतील तर ही भरपाई लागूच होत नाही. शुभांगीताईंनी पंचेचाळीस लिहिलंय.

निवृत्त_टाइमकीपर
शेठ, तुमची अडचण मला मान्य आहे. मीही गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत. पण पन्नासचा आकडा ले-ऑफचा आहे. काम नाही म्हणून माणसाला घरी बसवून अर्धा पगार द्यायचा, ती तरतूद पन्नासच्या खालच्या कारखान्यांना लागू नाही. माणूस कायमचा कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि भरपाई द्यायची, त्याला असा आकडा नाही. वर्षात २४० दिवस भरले की झालं. हे दोन नियम शेजारी शेजारी आहेत म्हणून गल्लत होते, आणि मालकांचे सल्लागारसुद्धा ती करतात.

ऑर्डर नाहीत हे कारण खरं असेल तर ते कागदावर लिहायला काय हरकत आहे? कामगार कपात करायला कायदा मनाई करत नाही. घरगुती अडचण दाजींची नाही, अडचण कारखान्याची आहे. तेवढंच खरं लिहा आणि ठरलेले पैसे द्या.

लूमवाला_सोलापूर
ले-ऑफचं माझं चुकलं असेल, सीएला विचारतो. पण एकाच वेळी दहा जणांना पावणेदोन लाख द्यायचे म्हटले तर कारखाना विकावा लागेल. हेही कुणीतरी लिहायला हवं.

अ‍ॅड_सोलापूर
दोघांचं वाचलं. @अक्कलकोटरोडवाला, २५ एफ हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि कपातीचं कलम आता तिच्यात आहे. महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवस, हे तसंच राहिलंय. पण अर्जात जुनं कलम लिहून ठेवू नका.

एक मुद्दा कुणी काढला नाही. दाजी जॉबर आहेत. जॉबर इतर लूमवाल्यांवर देखरेख करतो, म्हणून "हा कामगारच नाही, सुपरवायझर आहे" असा बचाव घेतला जाईल. जुन्या कायद्यात देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिन्याला १०,००० च्या वर असला की तो कामगार धरला जात नसे, आणि दाजी त्यात अडकू शकले असते. संहितेत ही मर्यादा १८,००० आहे. १५,६०० म्हणजे सुपरवायझर म्हटलं तरी ते आत आहेत. अर्थात ते खरोखर स्वतः लूम बांधत, बीम चढवत, तुटकी दुरुस्त करत असतील, तर सुपरवायझरचा प्रश्नच येत नाही. रोज काय काम करतात ते आत्ताच लिहून ठेवा.

@पुण्यातला_सोलापूरकर, तुमची केस यामुळेच वेगळी. तुम्ही व्यवस्थापकीय कामावर असाल तर ही भरपाई तुम्हाला नाही, तुमचं अपॉइंटमेंट लेटर हाच तुमचा कायदा. पण राजीनामा कंपनीने मागितल्याचा मेल किंवा मेसेज असेल तर नोटीस कापण्यावर भांडता येतं.

पुण्यातला_सोलापूरकर
मेल नाही. सगळं मीटिंग रूममध्ये तोंडी झालं. तेव्हा घरी आल्यावर "आज तुम्ही मला अमुक सांगितलं" असा मेल मीच टाकायला हवा होता, हे आता कळतंय.

अ‍ॅड_सोलापूर
दाजींनी तेच करावं. सोमवारच्या आत.

गोदावरी_कुलकर्णी
माझ्या भावाने घाबरून सही केली होती, वेगळ्या शहरात. दुसऱ्याच दिवशी त्याने "माझ्यावर दबाव आणून सही घेतली, राजीनामा मागे घेतो" असं पत्र पाठवलं. कंपनी म्हणाली आम्ही आधीच स्वीकारला. स्वीकारल्याचं पत्र मात्र नंतर आलं, त्यावर मागची तारीख टाकली होती. पोस्टाच्या शिक्क्यावर खरी तारीख होती, म्हणून ते उघडं पडलं. तेव्हा पाकिटं फेकू नका, कुणाचंही असो.

शुभांगी_म
खूप मदत होतेय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, दाजींची पीएफची नोंद बघितली तर `Service History` मध्ये सहा वर्षंच दिसतात. पहिली पावणेतीन वर्षं पीएफ कापलाच नव्हता. दोन, दाजींनी मागच्या वर्षी ताईच्या ऑपरेशनला वीस हजार उचल घेतली होती, त्यातले बारा हजार फिटायचे आहेत. मॅनेजर म्हणतो ते एक लाखातून वळते करणार.

निवृत्त_टाइमकीपर
पहिलं जास्त महत्त्वाचं आहे. मालक सहाच वर्षं धरेल, म्हणजे ग्रॅच्युइटी ८१,००० ऐवजी ५४,०००, आणि भरपाईही तशीच खाली येईल. पण नोकरी पीएफपासून सुरू होत नाही, कामावर घेतल्यापासून होते. पीएफ भरला नाही हा मालकाचा दोष. तुम्हाला फक्त पहिला दिवस दाखवायचा आहे. ईएसआयचं कार्ड पीएफच्या आधीचं आहे का बघा, पुष्कळदा ते आधी काढतात, आणि त्यावर नोकरीची तारीख असते. बँकेचं जुनं पासबुक काढून पगार कधीपासून जमा होतोय ते बघा. जुनी हजेरी कार्डं, दिवाळीच्या बोनसची पावती, काहीही चालेल.

शुभांगी_म
ईएसआयचं कार्ड आहे! तारीख बघायला सांगते. पासबुकात पगार २०१९ पासूनच आहे, आधी रोख पाकिटात द्यायचे. २०१८ च्या खंडेनवमीचा लूमच्या पूजेचा फोटो आहे, त्यात दाजी लूमला हार घालतायत आणि मालक शेजारी उभे आहेत. तो चालेल का?

निवृत्त_टाइमकीपर
फोटो ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पूजेला बाहेरचीही माणसं येतात असं म्हणतील. त्याच्यापेक्षा त्या काळी बरोबर काम केलेले दोन सोबती सांगायला तयार असतील तर ते बरं. ईएसआयची तारीख जुनी निघाली तर बाकी कशाची गरजच पडायची नाही.

उचलीचं असं आहे. बारा हजार देणं लागतात, ते शेवटच्या पगारातून, रजेच्या पैशांतून वळते होतील, त्यात वाद घालू नका. पण ग्रॅच्युइटी अडवायला उचल हे कारण पुरत नाही. नुकसान केलं किंवा गंभीर गैरवर्तनावरून काढलं, अशाच कारणांनी ती रोखता येते. म्हणून हिशेबाच्या कागदावर प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत हवी. "एकरकमी एक लाख" असं लिहिलं की काय कशातून गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

बाळासाहेब_होटगी
काका, तुमचा फोन नंबर सगळ्या एमआयडीसीत वाटला पाहिजे 😀 आमच्याकडे "उचल" हा शब्द निघाला की मालक रजिस्टर शोधतो आणि कामगार टोपी शोधतो.

अक्कलकोटरोडवाला
शुभांगीताई, अजून एक. दाजींपेक्षा नवीन जॉबर कारखान्यात आहेत का? शेवटी आलेला आधी जातो असा नियम आहे. त्यावर पकडता येईल.

शुभांगी_म
आहे. दोन वर्षांपूर्वी एक आलाय, त्याला काढलं नाही. त्याचा पगार कमी आहे.

अ‍ॅड_सोलापूर
इथे अक्कलकोटरोडवाला बरोबर आहेत. एकाच प्रकारच्या कामात शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचं, आणि वेगळं केलं तर कारण लिहून ठेवायचं. जुन्याला काढून नवा ठेवला, कारण लिहिलं नाही, तर ती कपातच वादात येते. राजीनामा मागण्यामागे हे एक कारण असू शकतं. राजीनामा असला की हा प्रश्न विचारताच येत नाही.

सोमवारी काय करायचं ते सांगतो. दाजींनी साधं पत्र लिहावं. बुधवारी मला राजीनाम्याचा तयार कागद देऊन सही मागितली, मी राजीनामा देत नाही, कामावर हजर आहे, कपात करायची असेल तर लेखी पत्र आणि देय रकमा द्याव्यात. एवढंच. शिव्या नाहीत, भावना नाहीत. एक प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह, आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला.

शुभांगी_म
(मंगळवार) काल पत्र दिलं. घेतलं नाही, मग पोस्टाने पाठवलं. आज सकाळी गेटवर वॉचमनने सांगितलं, साहेबांनी आत सोडू नका म्हटलंय. दाजी घरी परत आले. कोणताही कागद दिलेला नाही.

निवृत्त_टाइमकीपर
उद्या परत जायला सांग. पाळीच्या वेळेवर, जेवणाचा डबा घेऊन, नेहमीसारखं. गेटवर अडवलं की तिथूनच मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज करायचा: "मी आज सकाळी पाळीवर आलो आहे, मला आत सोडलं जात नाही." घरी बसून राहिले तर आठवड्याने "विनापरवाना गैरहजर, काम सोडून गेला" अशी नोटीस येईल, आणि मग कपात झालीच नाही असं म्हणतील. गेटवर भांडण करू नये, आवाज चढवू नये, व्हिडिओत तेवढंच दिसतं.

रेणुका_शेळगी
आईच्या वेळेस आम्ही घरीच बसलो होतो, कुणी सांगितलं नाही. 😔

लूमवाला_सोलापूर
गेटवर अडवणं मला पटलं नाही. काढायचं तर पत्र देऊन काढावं. शुभांगीताई, मालकाशी थेट बोलून बघा, मॅनेजरशी नको. पुष्कळदा मॅनेजर पैसे वाचवून दाखवायला असं करतात आणि मालकाला आकडाच माहीत नसतो. टाइमकीपर काकांनी मांडलेला हिशेब कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

अ‍ॅड_सोलापूर
बोलायला हरकत नाही. पण मुदती लक्षात ठेवा. कामगार खात्यात समेटासाठी अर्ज केला की ४५ दिवसांत तिथे काही झालं नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि काढल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, ती धरून बसू नका. अनुचित कामगार प्रथेची तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली करायची तर ९० दिवसच असतात, म्हणून मालकाशी बोलणी लांबवत बसण्यात दिवस जातात.

ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्यायचा, तो या भांडणाची वाट बघत नाही. ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज. आणि काढलं की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत.

शुभांगी_म
(दहा दिवसांनी) ईएसआयच्या कार्डावर कामाला लागल्याची तारीख २०१७ चीच निघाली. लूमवाला दादा म्हणाले तसं मालकांकडे गेलो, दाजी आणि मी. हिशेबाचा कागद ठेवला. मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले मॅनेजरने मला सत्तर हजारांचा हिशेब सांगितला होता. आता ते १,४०,००० म्हणतायत, दोन हप्त्यांत, पण कागदावर राजीनामाच हवाय. ताई म्हणते घेऊन टाका, कोर्टात किती वर्षं जातील. दाजींना दुसऱ्या कारखान्यात विचारलंय, पण पगार कमी आहे. काय करावं?

अक्कलकोटरोडवाला
घेऊ नका. पूर्ण मिळतील.

गोदावरी_कुलकर्णी
माझ्या भावाला मिळायला सहा वर्षं लागली. घरात लहान मुलं असतील तर मी घ्या म्हणेन.

निवृत्त_टाइमकीपर
आधी नीट वजाबाकी कर. १,४०,००० मधले ९१,८०० दाजींचेच आहेत, राजीनामा दिला तरी मिळणारे. त्यांच्यावर सौदा होत नाही, ग्रॅच्युइटी कमी घेतो असं दाजींनी लिहून दिलं तरी ते कायद्याने टिकत नाही. म्हणजे मालक खरं तर ८५,८०० च्या जागी ४८,२०० देतोय. प्रश्न एवढाच आहे की ३७,६०० सोडून आज मोकळं व्हायचं, की त्यासाठी भांडायचं. ते दाजींनी आणि ताईंनी ठरवायचं, आम्ही कुणी नाही. दुसरीकडे काम आठवड्यात लागणार असेल तर माझं मत एक, चार महिने घरी बसावं लागणार असेल तर वेगळं.

अ‍ॅड_सोलापूर
तडजोड करायची झाली तर राजीनाम्याच्या कागदावर करू नका. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अधिकाऱ्यासमोर तडजोडनामा करा. त्यात ग्रॅच्युइटी ८१,०००, रजा १०,८००, आणि उरलेली रक्कम वेगळी, अशा ओळी हव्यात. कामाला लागल्याची २०१७ ची तारीख त्यात लिहून घ्या. नऊ वर्षांचं सेवा प्रमाणपत्र त्याच दिवशी मागा, नव्या ठिकाणी जॉबर म्हणून लागायला ते लागेल. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरायची असते, तेही लिहून घ्या. नाहीच भरली तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी दाजी स्वतः पोर्टलवर `Mark Exit` करू शकतात.

लूमवाला_सोलापूर
दोन हप्ते असतील तर ग्रॅच्युइटी पहिल्या हप्त्यातच पूर्ण घ्या. दुसरा हप्ता रखडला तर तो निदान वाटाघाटीतला भाग असेल. मी मालक असून सांगतोय.

शुभांगी_म
हे बरोबर वाटतंय. दाजींचं अजून ठरलेलं नाही, ते म्हणतात शेजारच्या लूमवर तो नवा जॉबर माझ्या हाताखाली शिकला आणि मी बाहेर, हे पैशाने भरून येत नाही. पण गुरुवारी कामगार कार्यालयात जायचं ठरलंय, मालकही येतो म्हणालेत. काका, तुम्ही येऊ शकाल का?

निवृत्त_टाइमकीपर
येतो. ईएसआयचं कार्ड, रजेचं कार्ड, असतील तेवढी पगारपत्रकं आणि पोस्टाची पावती, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत पिशवीत ठेवायचे. आणि पहिला चेक खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत "सर्व रक्कम मिळाली" या ओळीखाली सही नको.